उभ्या स्लाइडचा एक मिलिमीटर: स्टेट फीडबॅकला इंटिग्रलची जोड कशी द्यावी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर ड्रिलिंग-टॅपिंग करणारी एसपीएम यंत्रे बनवणारे आणि जुन्या यंत्रांना नवे कंट्रोल बसवून देणारे अनेक जण आहेत. आडव्या स्लाइडवर उत्तम चाललेला स्टेट फीडबॅक उभ्या स्लाइडवर चढवला की त्यांच्यासमोर एक ठरावीक तक्रार येते. स्लाइड झटपट आणि न थरथरता जागेवर येते, पण सांगितलेल्या जागेच्या थोडी खालीच थांबते आणि तिथेच राहते. या लेखात अशाच एका स्लाइडचे उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवले आहे. त्यातील आकडे हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून निवडले आहेत. आपल्या यंत्राचे आकडे वेगळे असतील, पण पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: मॉडेल आणि भार मोजणे

डीसी मोटर, बॉलस्क्रू आणि त्यावर वर-खाली जाणारे ड्रिलिंग हेड, अशी रचना धरू. स्लाइडची जागा x मिलिमीटरमध्ये, वेग v मि.मी. प्रति सेकंदात आणि ड्राइव्हला दिलेली आज्ञा u व्होल्टमध्ये मोजू. वरची दिशा धन मानू. विद्युत भाग यांत्रिक भागापेक्षा पुष्कळ वेगवान असल्याने तो सोडून देता येतो, आणि मॉडेल असे उरते:

```
x' = v
v' = -a*v + b*(u + w)
```

यातील w म्हणजे हेडच्या वजनाचा परिणाम, व्होल्टच्या भाषेत मांडलेला. a, b आणि w हे तिन्ही शोधण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. स्लाइडला ६ व्होल्ट वरच्या दिशेने देऊन स्थिरावलेला वेग नोंदवावा आणि मग तेवढेच व्होल्ट खालच्या दिशेने द्यावेत. आपल्या स्लाइडने वर जाताना ४० आणि खाली येताना ८० मि.मी. प्रति सेकंद वेग दाखवला असे धरू. दोन्हींची सरासरी ६०, म्हणजे एका व्होल्टला १० मि.मी. प्रति सेकंद. दोन वेगांतील फरक ४०, आणि त्याचा निम्मा भाग वजनामुळे आलेला आहे, म्हणून वजनाची किंमत २ व्होल्ट, अर्थात w = -2. स्थिर वेगाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचायला ०.२ सेकंद लागत असतील, तर a = 5 आणि b = 50. हीच चाचणी ९ व्होल्टवर पुन्हा करावी. वेगातील वाढ त्याच प्रमाणात आली नाही, तर स्लाइडमधील घर्षण सरासरीत मिसळले आहे असे समजावे, आणि b/a चे गुणोत्तर दोन चाचण्यांमधील वेगाच्या फरकावरून काढावे.

दुसरी पायरी: चूक कुठून येते ते पाहणे

इंटिग्रलशिवायचा नेहमीचा नियम u = k1*(r - x) - k2*v असा असतो, आणि त्यात r ही सांगितलेली जागा असते. दोन्ही पोल -10 वर हवे असतील तर k1 = 2 आणि k2 = 0.3 येतात. स्लाइड थांबली की वेग शून्य होतो आणि हेड तोलून धरण्यासाठी u ला २ व्होल्ट द्यावेच लागतात. नियमातून २ व्होल्ट निघायचे तर 2*(r - x) = 2 व्हायला हवे, म्हणजेच स्लाइडला १ मि.मी. खाली राहणे भाग आहे. ही चूक ट्यूनिंगमधल्या ढिलाईची नाही. या नियमात जागेतील फरकाशिवाय व्होल्ट तयार होण्याचा दुसरा मार्गच नाही.

k1 दसपट केल्यास चूक ०.१ मि.मी. होते, शून्य होत नाही. आणि त्या बदल्यात लूप तिपटीहून अधिक वेगवान होतो, एन्कोडरचा गोंगाट मोटरपर्यंत पोहोचतो आणि स्तंभाची कंपने जागी होतात. दुसरा मार्ग म्हणजे आज्ञेत २ व्होल्ट कायमचे मिळवणे. हेड तेच राहते तोवर हा उपाय चालतो. मोठे ड्रिल लावले किंवा मल्टिस्पिंडल हेड बदलले की ते २ व्होल्ट खोटे ठरतात. आपल्याला हवा आहे तो असा नियम, जो भार किती आहे हे न सांगताही स्वतः शोधून काढेल.

तिसरी पायरी: नवी अवस्था जोडणे

यासाठी चुकीची बेरीज साठवणारी एक अवस्था q घ्यायची आणि तिचा नियम q' = r - x असा ठेवायचा. नवा फीडबॅक असा होतो:

```
u = -k1*x - k2*v + N*r + ki*q
```

याने चूक का जाते ते नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत. लूप स्थिर असेल आणि r व w दोन्ही अचल असतील, तर काही वेळाने सर्व अवस्था थांबतात आणि त्यांत q सुद्धा थांबते. q थांबली म्हणजे q' शून्य झाला, आणि q' शून्य झाला म्हणजे x बरोबर r झाला. या युक्तिवादात a, b किंवा w यांचे मूल्य कुठेही आलेले नाही. म्हणूनच मॉडेल थोडे चुकले, वजन बदलले, मोटर तापली, तरी लूप स्थिर आहे तोवर अंतिम चूक शून्यच राहते. हीच गोष्ट व्यापक रूपात फ्रान्सिस आणि वोनम यांनी १९७६ मध्ये मांडली: ज्या प्रकारचा व्यत्यय पूर्ण पुसायचा आहे, तो निर्माण करणारे मॉडेल नियंत्रकाच्या आत असावे लागते. अचल व्यत्ययाचे मॉडेल म्हणजे एक इंटिग्रेटर. त्यामुळे सतत वाढत जाणारा भार हा एकटा इंटिग्रेटर पुसू शकत नाही, आणि ठरावीक वारंवारतेने हलणारा भारही नाही.

ही जोड प्रत्येक यंत्रणेला देता येत नाही. मूळ यंत्रणा नियंत्रणक्षम हवी आणि ज्या मापाची चूक q मध्ये साठवायची, इनपुटपासून त्या मापापर्यंतच्या मार्गात शून्य वारंवारतेवर झिरो नसावा. आपल्या स्लाइडवर चूक जागेऐवजी वेगाची मोजली आणि x ही अवस्थाही ठेवली, तर अट मोडते, कारण वेगाची बेरीज म्हणजे जागाच. q मधून नवे काहीच मिळत नाही आणि तिच्या पोलला हलवताही येत नाही. शिवाय जितकी मापे शून्य चुकीने धरायची आहेत, किमान तितके इनपुट हवेत. एका मोटरने दोन जागा धरता येणार नाहीत.

चौथी पायरी: सर्व गेन एकत्र काढणे

इथे सर्वांत जास्त घाई होते. आधीचे k1 = 2 आणि k2 = 0.3 तसेच ठेवून वरून ki = 10 टाकून दिला, तर समीकरण s³ + 20s² + 100s + 500 असे होते. त्याचा एक पोल -15.65 वर जातो आणि उरलेल्या जोडीचे डॅम्पिंग ०.३८५ इतके खाली येते, म्हणजे शांतपणे थांबणारी स्लाइड आता डुलू लागते. ki ४० च्या वर नेला की लूप अस्थिरच होतो. इंटिग्रल ही तिसरी अवस्था आहे. ती आल्यावर तिन्ही गेन नव्याने, एकाच वेळी ठरवावे लागतात.

नवे समीकरण असे आहे:

```
s^3 + (5 + 50*k2)*s^2 + 50*k1*s + 50*ki = 0
```

दोन पोल पूर्वीच्याच -10 वर ठेवू आणि इंटिग्रलचा पोल -5 वर घेऊ. (s+10)²(s+5) चा विस्तार s³ + 25s² + 200s + 500 होतो, आणि त्यातून k2 = 0.4, k1 = 4, ki = 10 मिळतात. MATLAB वापरणाऱ्यांसाठी हेच असे:

```matlab
A = [0 1; 0 -5];  B = [0; 50];  C = [1 0];
Aa = [A zeros(2,1); -C 0];
Ba = [B; 0];
rank(ctrb(Aa, Ba))
K = acker(Aa, Ba, [-10 -10 -5])
```

rank चे उत्तर 3 यायला हवे. K चे उत्तर 4, 0.4 आणि -10 असे येते. शेवटचे चिन्ह ऋण दिसते, कारण acker नेहमी u = -K*z हे रूप धरते; आपला ki म्हणजे त्याच आकड्याचे उलट चिन्ह. हे चिन्ह न बदलता कोडमध्ये उतरवले तर स्लाइड एका दिशेने वेग घेत सुटते, म्हणून पहिली चाचणी नेहमी कमी व्होल्टची मर्यादा लावून आणि लिमिट स्विच तपासूनच घ्यावी. place इथे चालत नाही, कारण एकच इनपुट असताना -10 हा पोल दोनदा मागता येत नाही.

इंटिग्रलचा पोल किती दूर ठेवावा, हा अनुभवाने ठरवण्याचा भाग आहे. तो -1 वर ठेवला तर गेन सौम्य राहतात, पण भार पडल्यावर उरलेली चूक कित्येक सेकंद रेंगाळते. तो -10 वर नेला तर k1 = 6 आणि ki = 20 होतात, आणि k1 वाढवल्याने येणारा एन्कोडरचा गोंगाट पुन्हा वेगळ्या वाटेने परत येतो. मुख्य पोलच्या निम्म्यावर सुरुवात करावी असे माझे मत आहे, आणि त्यानंतर भाराची चाचणी पाहून तो हलवावा.

पाचवी पायरी: N निवडणे

k1*(r - x) या सवयीच्या रूपात लिहिले तर N = k1 = 4 होतो. मग आज्ञेपासून जागेपर्यंतच्या मार्गात -2.5 वर एक झिरो येतो, आणि सर्व पोल वास्तव असूनही स्लाइड लक्ष्याच्या २३ टक्के पुढे जाऊन परत येते. २ मि.मी.च्या हालचालीत हे जवळपास अर्धा मिलिमीटर होते. ड्रिल भोकाच्या तळाशी असेल तर ते कास्टिंगमध्ये तेवढे खोल शिरते. N शून्य ठेवला तर हा ओव्हरशूट जातो, पण मग आज्ञेला प्रतिसाद फक्त इंटिग्रलमधून मिळतो आणि हालचाल मंदावते.

याच्या मध्ये एक नेमकी जागा आहे. झिरो -ki/N वर असतो, म्हणून N = 2 घेतला तर तो -5 वर येतो आणि इंटिग्रलचा पोल खोडून काढतो. आज्ञेपासून जागेपर्यंत उरते ते 100/(s+10)², म्हणजे इंटिग्रल जोडण्यापूर्वी जशी हालचाल होती अगदी तशीच. इंटिग्रलचा -5 चा पोल नाहीसा झालेला नाही. तो भाराच्या मार्गात काम करतो, आज्ञेच्या मार्गात दिसत नाही. आज्ञा आणि भार या दोघांचे वर्तन असे वेगवेगळे ठरवता येणे, हा या रचनेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण आहे.

सहावी पायरी: भाराची चाचणी

स्लाइड जागेवर उभी असताना २ व्होल्टइतका भार अचानक आला, उदाहरणार्थ ड्रिल कास्टिंगला टेकले, तर काय होते? जुन्या नियमात स्लाइड १ मि.मी. सरकते आणि तिथेच राहते. नव्या नियमात ती पाव सेकंदात ०.४१ मि.मी. सरकते, अर्ध्या सेकंदाला ०.२३ वर येते, एका सेकंदाला ०.०२६ वर, आणि पुढे शून्याकडे जाते. इंटिग्रल सरकणे थांबवत नाही, सरकलेले भरून काढते, हे ग्राहकाला आधीच सांगावे. पहिला धक्काच मोठा असेल तर k1 वाढवणे, किंवा धक्का हेडच्या वजनाचा असेल तर हेडला काउंटरवेट लावणे, हेच उपाय आहेत.

भार स्थिर नसून हळूहळू वाढत असेल, समजा दर सेकंदाला १ व्होल्टने, तर या गेनवर ०.१ मि.मी.ची चूक कायम दिसते. तसेच स्लाइड ६० मि.मी. प्रति सेकंद वेगाने चालत असताना ती आज्ञेच्या १२ मि.मी. मागे असते. हा दोष नाही; थांबल्यावर ती भरून येते. चालतानाही अचूकता हवी असेल तर आज्ञेचा वेग फीडफॉरवर्डने वेगळा द्यावा लागतो.

सातवी पायरी: मर्यादा आणि ब्रेक

आपला ड्राइव्ह ±१२ व्होल्ट देतो. त्यांतले २ वजन धरण्यात जातात आणि N = 2 असल्याने आज्ञेत ५ मि.मी.ची उडी मारली की उरलेले १० व्होल्ट संपतात. त्याहून मोठ्या उडीत ड्राइव्ह मर्यादेला टेकतो, चूक मात्र साठत राहते, आणि स्लाइड पोहोचल्यावर ती साठवण रिकामी होईपर्यंत पुढे ढकलत राहते. मोठ्या हालचाली चढ-सपाट-उतार अशा वेगरेषेवरूनच द्याव्यात. तरीही संरक्षण म्हणून q च्या समीकरणात प्रत्यक्ष दिलेले आणि मागितलेले व्होल्ट यांतील फरक परत पाठवावा. त्याचा गुणक g = 1 घेतला तर जादा साठवण g*ki, म्हणजे १० प्रति सेकंद या दराने ओसरते.

उभ्या स्लाइडवर याहून धोकादायक प्रसंग ब्रेकचा आहे, आणि वरचे संरक्षण तिथे पुरत नाही. ब्रेक लागलेला असताना स्लाइड आज्ञेच्या ०.०५ मि.मी. खाली अडकली आहे असे समजा. q वाढत राहते आणि आज्ञा दर सेकंदाला अर्ध्या व्होल्टने चढते. २० सेकंदांत ती २ वरून १२ व्होल्टवर पोहोचते, आणि ऑपरेटरने ब्रेक सोडताच स्लाइड पूर्ण जोराने वर उसळते. म्हणून ब्रेक लागलेला असताना बेरीज करायचीच नाही. त्याऐवजी q ला अशी किंमत देत राहायचे, की ब्रेक सुटण्याच्या क्षणी आज्ञा बरोबर हेड तोलण्याइतकी असेल:

```c
u  = -4.0*x - 0.4*v + 2.0*r + 10.0*q;
us = u;
if (us >  12.0) us =  12.0;
if (us < -12.0) us = -12.0;

if (brake_off)
    q += Ts * ((r - x) + 1.0*(us - u));
else
    q = (u_hold + 4.0*x + 0.4*v - 2.0*r) / 10.0;
```

इथे Ts = 0.005 सेकंद पुरेसा आहे. u_hold मध्ये सुरुवातीला २.० ठेवावे, आणि पुढे ब्रेक लावण्याच्या क्षणी us ची जी किंमत असेल ती साठवावी. u_hold शून्य ठेवला तर ब्रेक सुटताच स्लाइड सहाव्या पायरीतल्याप्रमाणे ०.४१ मि.मी. खाली बसून मग वर येते. ड्रिल कामाजवळ असेल तर तेवढे पुरे नुकसान करते.

आठवी पायरी: ऑब्झर्व्हर असल्यास काय बेरीज करावे

वेगाचा सेन्सर नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी v ऑब्झर्व्हरकडून घेतात. ऑब्झर्व्हरला वजनाची कल्पना नसते. त्याचे दोन्ही पोल -40 वर ठेवले असतील, तर २ व्होल्टच्या भारामुळे तो जागा ०.०६२५ मि.मी. जास्त सांगतो, आणि उभी असलेली स्लाइड ४.७ मि.मी. प्रति सेकंद वेगाने वर जात आहे असेही सांगतो. स्क्रीनवर हा खोटा वेग दिसला की बरेच जण एन्कोडर बदलतात. खरे कारण ऑब्झर्व्हरच्या मॉडेलमध्ये नसलेला भार हे असते.

यातला कळीचा मुद्दा असा की q मध्ये एन्कोडरने मोजलेली जागा घ्यावी, ऑब्झर्व्हरने सांगितलेली नाही. मोजलेली घेतली तर खोट्या वेगामुळे आलेला फरकसुद्धा इंटिग्रल भरून काढतो आणि चूक शून्य होते. ऑब्झर्व्हरची घेतली तर ऑब्झर्व्हरची जागा r वर बसते आणि खरी स्लाइड ६२ मायक्रॉन खाली राहते. इंटिग्रल असूनही भाराच्या प्रमाणात बदलणारी छोटी चूक उरत असेल, तर सर्वप्रथम कोडमधली हीच ओळ तपासावी.

जागेवर आल्यावरही स्लाइड हलत राहिली तर

गिब जास्त कसलेल्या किंवा तेल कमी पडलेल्या स्लाइडवर एक विशिष्ट लक्षण दिसते. स्लाइड काही सेकंद अगदी स्थिर असते, मग टुक् करून काही मायक्रॉन सरकते, पुन्हा थांबते, आणि मग उलट दिशेला सरकते. u चा आलेख काढला तर त्यात करवतीच्या दातांसारखे चढ-उतार दिसतात, तर जागेचा आलेख पायऱ्यापायऱ्यांचा असतो. सुटताना लागणारे घर्षण चालतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असल्याने हे होते: q थोडी थोडी वाढत जाऊन एकदम घर्षण मोडते आणि स्लाइड लक्ष्य ओलांडते. गेन अस्थिर असता तर झुलणे गुळगुळीत आणि वेगवान असते, म्हणून दोन्हींतला फरक आलेखावरूनच कळतो.

आधी गिब आणि वंगण पाहावे. तेवढ्याने भागले नाही तर चूक ०.०१ मि.मी.च्या आत असताना बेरीज थांबवावी. त्यामुळे शून्य चुकीचा दावा ०.०१ मि.मी.पर्यंत सैल होतो, आणि ड्रिलिंगच्या कामाला तो पुरतो. बोअरिंगला पुरेलच असे नाही.

शेवटी, इंटिग्रल मोजलेल्या जागेला आज्ञेवर आणतो, खऱ्या जागेला नाही. एन्कोडर मोटरच्या मागे असेल, तर बॉलस्क्रूचे तापून लांबणे आणि नटमधला बॅकलॅश त्याला दिसतच नाही. म्हणून काम सोपवण्यापूर्वी स्पिंडलच्या नाकाला डायल लावावा, हेडला ओळखीचे वजन टांगावे आणि दोन गोष्टी बघाव्यात. u चे स्थिर मूल्य २ व्होल्टवरून त्या वजनाच्या हिशेबाने वाढले पाहिजे, आणि डायलचा काटा एक-दीड सेकंदात मूळ जागी परतला पाहिजे. u वाढला, एन्कोडरनेही शून्य चूक दाखवली, पण डायल परतला नाही, तर गेनला हात न लावता कपलिंग, नट आणि स्क्रूचे बेअरिंग उघडून पाहावे.